सोयाबीन: झाडाच्या शेंगा मोजायच्या की एकरातली झाडं?

प्रश्न: साहेब, बांधाकडच्या एका सोयाबीनला दोनशे शेंगा मोजल्या. मग एकरी ३० किलो बियाणं कशाला घालायचं? ३ बाय १ फुटावर एकेक दाणा टोकला तर? (शेतकरी, औसा तालुका)

उत्तर: दादा, त्या झाडाच्या एका बाजूला मोकळं ऊन आणि मोकळी माती होती, म्हणून ते फुटलं. तरी प्रत्येक झाड तसंच येईल असं धरून हिशेब करू. शेंगेत सरासरी दोन दाणे आणि शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं, तर दोनशे शेंगांचं झाड ४८ ग्रॅम देतं. तुमच्या अंतरावर एकरात साधारण १४,५०० झाडं बसतात, म्हणजे ७ क्विंटल.

आता ४५ सेंमीची ओळ घ्या. एकरात अशा ओळींची लांबी सुमारे ९ हजार मीटर भरते. मीटरला २० झाडं म्हणजे १ लाख ८० हजार. प्रत्येकाला फक्त २५ शेंगा लागल्या, तरी ६ ग्रॅमप्रमाणे पावणेअकरा क्विंटल होतात. झाड दिसायला किरकोळ, पण रान भरलेलं.

मीटरला १२ झाडं उरली तरी लगेच मोडू नका. भारी, ओल धरणाऱ्या जमिनीत ती फांद्या काढून ४० शेंगांवर जातात आणि उतारा जवळपास तेवढाच राहतो. हलक्या रानात किंवा पेरणी लांबली तर फांद्या फुटत नाहीत, तिथे ही भरपाई होत नाही. अंतर फार वाढवलं की ओळी उशिरा मिटतात, तण माजतं, उघड्या मातीतली ओल उडते. उलट ४० किलो पेरलं तर झाडं उंच, लेचीपेची होऊन लोळतात आणि ऑगस्टच्या उघडिपीत लवकर माना टाकतात.

३० किलो हा आकडाही सगळ्यांना सारखा लागू नाही. उगवण ८० टक्के, त्यातली दहा टक्के रोपं रानात मरतात असं धरलं, तर १ लाख ८० हजार झाडांसाठी अडीच लाख दाणे लागतात, म्हणजे बरोबर ३० किलो. दाणा बारीक, शंभराला १० ग्रॅम असेल तर २५ किलोत भागतं. उगवण ६५ टक्के निघाली तर ३७ किलो लागेल. घरचं बियाणं असेल तर ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण आधी बघाच. पिशवी फोडून थेट चाड्यात ओतणं मला पटत नाही.

पेरताना मीटरला २७-२८ दाणे पडतात का, हे यंत्र थोडं चालवून माती उकरून मोजा. खोली ३ ते ५ सेंमी, त्याखाली गेलेला दाणा वर येईलच असं नाही. उगवण पूर्ण होताच पाच-सहा ठिकाणी एकेक मीटर मोजा. सरासरी १५ आली, पण मध्येच दोन-दोन फूट ओळ रिकामी असेल, तर ती सरासरी फसवी आहे: कडेची झाडं एवढी जागा भरून काढत नाहीत. असे खाडे उगवणीनंतर आठवड्याच्या आतच दाणे टोकून भरा, नंतरची रोपं सावलीत दबतात.