साठ की नव्वद? आधी टेप काढा

«आमचा हॉब 75 सेंमीचा, चार बर्नरचा आहे. वरची कपाटं करताना सुताराने चिमणीसाठी 60 सेंमीचीच जागा सोडली. 90ची चिमणी 60च्या साध्या चिमणीपेक्षा तीस टक्के महाग आहे आणि कपाटं कापावी लागतील ते वेगळंच. दुकानदार म्हणतो, 60मध्येच जास्त सक्शनवाली घ्या, वीस टक्केच जास्त पडेल आणि रुंदीची कसर भरून निघेल. सोबत पाच वर्षांचा सर्व्हिस प्लॅन देतोय, चिमणीच्या किमतीच्या तिसऱ्या हिस्स्यात. बारा बिनव्याजी हप्ते आहेत, रोख दिले तर 8 टक्के सूट. हे उंच आहेत म्हणून कपाटं आणि चिमणीची खालची कड जमिनीपासून 185 सेंमीवर घेतली आहे, ओटा 85चा आहे. नव्वदसाठी एवढा खर्च करावा का?»

नव्वद घ्या. पण 185वर लावणार असाल तर साठही घेऊ नका, पैसे बँकेत राहू द्या.

तुम्ही रुंदी विचारलीत आणि उंचीचा आकडा जाता जाता सांगून टाकलात. खरा तोटा त्या आकड्यात आहे. उंची ओट्यापासून मोजत नाहीत, भांडं ज्या जाळीवर टेकतं तिथून मोजतात. ओटा 85, त्यावर हॉबची जाळी साधारण 6, म्हणजे भांड्याचा तळ 91वर. 185मधून 91 गेले, उरले 94. गॅसच्या शेगडीवर चिमणीची खालची कड साधारण 65 ते 75 सेंमीवर हवी. तुमची जवळजवळ वीतभर जास्त वर आहे.

वीतभराने काय बिघडतं? चिमणी शेगडीवरून धूर ओढून घेते हा समज दुकानातच तयार होतो. गरम वाफ आणि तेलकट धूर आपणहून वर चढतो. वर येईल ते पकडायचं आणि बाहेर ढकलायचं, एवढंच चिमणीचं काम. चढताना तो झोत आजूबाजूची हवा सोबत घेत पसरत जातो, थंड आणि मंद होतो, आणि बाजूने कुणी गेलं किंवा पंख्याचा वारा आला तरी कलतो. 70वर छत्रीखाली मावणारा झोत 94वर कडेने निसटतो. जास्त सक्शनचा उपयोग इथे फार होत नाही, कारण पंख्याची ओढ फिल्टरजवळ जोरदार असते आणि खाली येताना झपाट्याने मरते. कुठल्याही चालू चिमणीखाली टिश्यू पेपरची पट्टी धरून बघा. फिल्टरला ती फटकन चिकटते, हातभर खाली आणली की जेमतेम हलते. त्या वीस टक्क्यांत तुम्ही आवाज विकत घ्याल.

आता रुंदी. 75 वजा 60, उरले 15, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात सेंमी उघडं. कडेच्या बर्नरवर 28 सेंमीचं पातेलं ठेवलं की त्याची बाहेरची कड साधारण हॉबच्या कडेपर्यंत जाते. म्हणजे पातेल्याच्या रुंदीचा चौथ्या हिस्स्याहून जास्त भाग चिमणीच्या बाहेर, तोही धूर पसरायच्या आधी. चिमणी हॉबएवढी तरी हवीच, थोडी जास्त रुंद असली तर उत्तम. 75ची तुम्हाला हवी तशी मिळाली तर ती चालेल. 90 घेतलीत तर हेच साडेसात सेंमी दोन्ही बाजूंना जास्तीचे मिळतात. दुकानात रुंदीवर एवढं बोलतात की खोली कुणी बघतच नाही. पुढच्या बर्नरचा धूर पुढूनच निसटतो, तोही थेट तोंडावर, म्हणून चिमणी भिंतीपासून किती पुढे येते तेही मोजा.

कपाटं मात्र कापू नका. तुमच्या चुकीच्या उंचीनेच हा खर्च उभा केलाय. चिमणी कपाटांच्या रांगेत बसवायची म्हटलं की 60च मावते. ती योग्य उंचीवर खाली आणली की ती कपाटांच्या खाली जाते आणि तिथे रुंदीला अडवणारं काही नाही. घरात उंच माणूस आहे, तेव्हा वरची मर्यादा धरू: 91 अधिक 75, म्हणजे 166. कपाटांचा तळ 185वर, मधे 19 सेंमी. उलट्या टी आकाराची चिमणी बघा, जिची खालची छत्री 90 रुंद पण पातळ असते आणि मोटरची पेटी अरुंद. छत्रीची जाडी 19पेक्षा कमी हवी, पेटी 60च्या फटीत मावायला हवी. हे दोन आकडे पुस्तिकेतल्या आकृतीत असतात. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका. डोकं आपटायची भीती असेल तर आकृतीत खोलीही बघा. छत्रीची पुढची कड सहसा ओट्याच्या कडेच्या आत राहते, ताठ उभ्या माणसाला ती लागत नाही. तरीही अडचण वाटली तर तिरकी चिमणी घ्या. तिच्या उंचीचे आकडे वेगळे असतात, तिच्याच पुस्तिकेतले धरा.

उत्साहाच्या भरात 50वर आणू नका. गॅसच्या आचेने फिल्टरमधलं तेल पातळ होऊन टपकतं, आणि खाली ज्योत असते. पुस्तिकेत किमान उंची जास्त दिली असेल तर तीच पाळा.

हिशेब झटपट. साधी 60 म्हणजे 100 धरा. दुकानदाराचा मार्ग: हप्त्यांवर चिमणी 120, प्लॅन 40, एकूण 160, आणि धूर घरातच. माझा मार्ग: 90ची चिमणी 130, रोखीची सूट जाऊन साधारण 120, सुताराने चिमणीची चौकट काढायचे 10 धरा, एकूण 130. तीस भाग वाचले.

प्लॅन नको. असे प्लॅन बहुतेक वेळा मोटरच्या नावाने विकतात. मोटरची हमी कंपनी मुळात किती वर्षं देते ते आधी वाचा, आणि फिल्टर, साफसफाई, दिवे प्लॅनमध्ये धरलेत का तेही. शिवाय पुस्तिकेबाहेरच्या उंचीवर बसवलेल्या चिमणीची तक्रार नाकारायला आयतं कारण मिळतं. त्यासाठी तुम्ही आगाऊ 40 देणार होतात!

हप्त्यांना बिनव्याजी म्हणणं मला दरवेळी खटकतं. रोखीत 92ला मिळणारी वस्तू तुम्ही बारा हप्त्यांत 100ला घेता. दर महिन्याला फेड होत असल्याने सरासरी कर्ज निम्म्याच्या आसपास राहतं, म्हणजे 8 रुपये जेमतेम पन्नासवर पडले. व्याज सोळा टक्क्यांच्या घरात गेलं. अडीअडचणीची गंगाजळी मोडावी लागणार असेल तर चिमणी तीन महिन्यांनी घ्या, तोवर खिडकीतला एक्झॉस्ट फॅन चालेल.

बसवायला माणूस येईल तेव्हा हॉब आणि जाळ्या जागेवर असू द्या. बहुतेकजण टेप ओट्यावर टेकवतात आणि तिथेच सहा सेंमी चुकतात. जाळीपासून 75वर तुम्ही स्वतः पेन्सिलची रेघ मारा आणि छत्रीची खालची कड तिथेच येणार ना हे भोक पाडायच्या आधी विचारा. नंतर पुढच्या कडेच्या बर्नरवर पातेलंभर पाणी उकळायला ठेवा, चिमणी मधल्या वेगावर लावा आणि बाजूने टॉर्च मारा. वाफेची कड छत्रीच्या आत जाताना दिसली की मगच त्या माणसाच्या कागदावर सही करा.