०.१८ डेल्टा म्हणजे १८ टक्के नव्हे

काल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तू मोबाइलवर जो पुट ऑप्शन दाखवलास, तो विकण्याआधी हे वाच. शेअर १००० रुपयांवर, स्ट्राइक ८५०, मुदत तीन महिने, आयव्ही म्हणजे बाजाराने धरलेला वार्षिक चढउतार ४० टक्के. शेअर एक रुपया हलला की पुटचा भाव किती हलतो ते सांगणारा डेल्टा उणे ०.१८ पाहून तू म्हणालास, "इन द मनी संपायची शक्यता १८ टक्केच."

कागदावर मांडून बघ. ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात डेल्टा येतो `N(d1)` मधून, भाव शेवटी ८५० च्या खाली असण्याची शक्यता येते `N(d2)` मधून, आणि `d1` व `d2` मधलं अंतर असतं `σ√T`; `σ` म्हणजे आयव्ही, `T` म्हणजे वर्षांत मोजलेली मुदत. इथे ते ०.४० गुणिले पाव वर्षाचं वर्गमूळ अर्धा, म्हणजे ०.२०. व्याज बाजूला ठेवलं तर शक्यता जवळपास २४ टक्के निघते. पुट विकणाऱ्याला डेल्टा नेहमी धोका कमी दाखवतो. कॉलमध्ये उलट, तिथे शक्यता डेल्टापेक्षा कमी असते. निफ्टीच्या आठवड्याच्या ऑप्शनमध्ये `σ√T` इतका लहान असतो की फरक जाणवतही नाही, म्हणून ही सवय लागते.

शिवाय हे २४ टक्के फक्त शेवटच्या दिवसाचे. मधल्या काळात भाव ८५० ला एकदा तरी शिवण्याची शक्यता ढोबळमानाने त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळजवळ निम्मी! मार्जिन वाढतं ते तेव्हाच, आणि घाबरून माणूस तोट्यात बाहेर पडतो तेही तेव्हाच. मी स्वतः असाच बाहेर पडलोय. एक्सपायरीला तो पुट शून्य झाला होता.

आणि आयव्ही बदलली की ही सगळीच गणितं बदलतात, तेव्हा रोज सकाळी आकडा नव्याने काढ.