नाव ठेवण्याआधी नावं ठेवून बघ

प्रिय संपादकबाई,

घरातून धंदा करणाऱ्या बायकांसाठीच्या तुझ्या नव्या मासिकाला महत्त्वाकांक्षा आणि मैत्री दोन्ही सांगणारं नाव हवं, म्हणून पाठवलेली तुझी चौदा नावांची यादी मिळाली. पहिल्यांदा वाचली तेव्हा बरी वाटली. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचली आणि निम्मी तिथेच गळाली. नाव ठरवणं म्हणजे मुख्यतः नावं ठेवणं असतं, तेव्हा राग मानू नकोस.

'गृहिणी ते उद्योजिका' हे तुझं लाडकं नाव दिसतंय, कारण त्याला तू दोनदा अधोरेखित केलंयस. त्यात मासिक कशाबद्दल आहे ते लगेच कळतं, हे खरं. पण त्या 'ते'कडे बघ जरा. तो वाचणारीला एका टोकाला उभं करतो आणि दुसरं टोक लांबून दाखवतो. जी आज पहिली ऑर्डर घेतेय, तिला वाटेल आपण अजून 'गृहिणी'च्या बाजूला आहोत. जिचा धंदा चार वर्षं चाललाय, तिला वाटेल आपलं झालं सगळं, आता हे आपल्यासाठी नाही. म्हणजे तुझी वाचक जसजशी मोठी होईल, तसतशी ती नावातून बाहेर पडेल. शिवाय ती घर सोडून आलेलीच नाही. दोन्ही एकाच वेळी चाललंय, हीच तर तिची खरी गोष्ट आहे.

'भरारी'त महत्त्वाकांक्षा आहे, मैत्री नाही. आणि भरारी म्हटलं की पथक आठवतं. नुकताच धंदा सुरू केलेल्या बाईला तपासणीची आठवण कशाला करून द्यायची?

'भवानी'चा विचार मात्र मला आवडला. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, धंद्यातला इतका आनंदाचा शब्द दुसरा नसेल. तरी तो घेऊ नकोस. स्टॉलवर हा अंक भक्तिपर मासिकांच्या शेजारी जाऊन बसेल आणि घरात कोणीतरी 'कोण ही भवानी?' म्हणून हसेल. शब्दाचा एक अर्थ आपल्या मनात असतो, पण बाकीचे अर्थ न बोलावता येतात. मी एकदा असंच फसले होते. एका छोट्या अंकाला फार विचार करून संस्कृत नाव दिलं आणि पुढे वर्षभर लोक फोनवर विचारत राहिले, "योगासनांचंच ना?"

'पदर खोचून'पाशी मी बराच वेळ थांबले. त्यात कामाला लागायची धमक आहे आणि जवळीकही आहे. अडचण व्याकरणाची आहे. मासिकाचं नाव नुसतं मुखपृष्ठावर राहत नाही, ते महिन्याला शंभर वाक्यांत येतं आणि मराठीत त्याला विभक्ती लागते. 'पदर खोचूनमध्ये वाचलं', 'पदर खोचूनचा अंक आला का?' जीभ अडखळतेच. 'स्वयंसिद्धा'चीही तीच गत. एक म्हणेल स्वयंसिद्धेत, दुसरी म्हणेल स्वयंसिद्धामध्ये, तिसरी संकोचून 'त्या मासिकात' म्हणेल. तिसरीने नाव घेतलंच नाही, म्हणजे तुझी जाहिरात बुडाली. प्रत्येक नाव या तीन वाक्यांत घालून बघ: 'या महिन्याचा अंक आला का?', 'मी त्यात वाचलं', 'मी त्या मासिकातून बोलतेय'. तिसरं वाक्य जाहिरातदाराला फोन करून तुलाच रोज म्हणायचं आहे.

आता यादीतलं अकरावं नाव. तू ते बारीक अक्षरात लिहिलंयस आणि पुढे प्रश्नचिन्ह दिलंयस: 'मालकीण'.

माझ्या मते तुझं नाव इथेच कुठेतरी आहे. हा शब्द घरातही चालतो आणि धंद्यातही, त्यामुळे 'ते' लागतच नाही. पण एकटी मालकीण जरा दरारा दाखवते, दार अर्धंच उघडून बोलते. ऐक, तिचं अनेकवचन कर. 'मालकिणी'. दरारा गेला आणि घोळका आला, 'मैत्रिणी'शी यमकही जुळलं. महत्त्वाकांक्षा शब्दाच्या अर्थात राहिली, स्नेह त्याच्या वचनात आला. 'मालकिणींमध्ये वाचलं' म्हणताना बायकांच्या बैठकीत ऐकल्यासारखं वाटतं, तेही मला चालेल.

लिहूनही बघितलं. जोडाक्षर नाही, खाली उकार नाही, त्यामुळे शीर्षकपट्टीत अक्षरं उंच ठेवता येतील. 'कि'ची वेलांटी डावीकडून चढते, 'णी'ची उजवीकडे उतरते. चांगला सुलेखनकार त्या दोघींचं मिळून एक छप्पर करू शकेल. 'स्वयंसिद्धा'तला 'द्ध' मोबाइलवरच्या नखाएवढ्या चित्रात नुसता शाईचा ठिपका होतो. रोमन अक्षरांत शोधणाऱ्यांचाही विचार कर: `malkini` किंवा `maalkini`, एवढेच घोळ. वेबसाइटसाठी दोन्ही पत्ते घेऊन टाक.

या नावाचा एक धोका आहे, तो लपवत नाही. पुष्कळ जणी म्हणतील, "मी कसली मालकीण, घरूनच करते थोडंफार." तो संकोच उपशीर्षकाने सांभाळायचा. तिथे काम साधं सांग, 'घरातून धंदा उभा करणाऱ्यांचं मासिक', एवढंच. तिथे पुन्हा स्वप्नं, पंख, आकाश आणू नकोस. नावाने मोठं बोलावं आणि उपशीर्षकाने शेजारी येऊन बसावं. दोघांनी एकच काम केलं की एक फुकट जातं.

मैत्रिणींना 'कोणतं आवडलं?' असं विचारू नकोस. सगळ्या तुझं मन राखतील. त्याऐवजी दहाबारा अनोळखी बायकांना फोनवर नाव एकदाच सांग आणि लिहून पाठवायला सांग. किती जणींनी काय लिहिलं ते बघ. आठवड्याने पुन्हा विचार, ते मासिक कोणतं होतं? आठवलं नाही तर नाव पडलं, मग ते मला कितीही आवडो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. छपाईआधी नियतकालिकांच्या नोंदणीत आणि ट्रेडमार्कच्या नोंदींत हे किंवा याच्यासारखं ऐकू येणारं नाव आहे का ते शोध. ट्रेडमार्कच्या वर्गवारीत छापील मासिक वर्ग 16 मध्ये येतं आणि प्रकाशनाची सेवा वर्ग 41 मध्ये, म्हणून दोन्हीकडे बघ. नुसतं वर्णन करणारं नाव, जसं 'गृहउद्योग मासिक', स्वतःचं म्हणून राखणं अवघड असतं, कारण ते शब्द सगळ्यांचेच असतात. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ अंकी क्रमांक मिळाला म्हणजे नाव आपलं झालं असं समजू नकोस, तो फक्त ओळख देतो. आणि पुढे नावाच्या पहिल्या पाच शब्दांत मोठा बदल केलास तर सहसा नवा क्रमांक घ्यावा लागतो. उपशीर्षक बदललं तर तेवढी धावपळ नसते. म्हणून डळमळीत वाटणारं सगळं उपशीर्षकात ठेव.

शोधात 'मालकिणी' आधीच कोणी घेतलेलं निघालं, तर पुढेमागे एखादं अक्षर चिकटवून तेच रेटू नकोस. मग यादीतलं सातवं नाव घेऊन परत बसू. त्यातही जीव आहे, फक्त शेवटचा शब्द काढायला हवा.

दोन मुखपृष्ठं करून पाठव, एक 'मालकीण'चं, एक 'मालकिणी'चं. रंगीत नको, काळ्यापांढऱ्यातच.

तुझी,
ताई