बुद्धी पंचविशीनंतर उतरते की साठीनंतर? दोन ग्राफ वेगळे का

प्रश्न: मी मानसशास्त्रात एमए करतेय. एका पुस्तकातल्या ग्राफमध्ये रिझनिंगचे स्कोअर पंचविशी-तिशीपासून खाली जाताना दाखवलेत, दुसऱ्यात साठीपर्यंत जवळपास सपाट रेघ आहे. खरं कुठलं? आणि मी प्रोजेक्टसाठी 20 ते 70 वयाच्या लोकांची एकदाच टेस्ट घेतेय, तर "वयानुसार रिझनिंग कमी होतं" असं लिहू शकते का?

उत्तर:

दोन्ही ग्राफ खऱ्या डेटावरून काढलेले असणार. पहिला बहुतेक क्रॉस-सेक्शनल आहे, म्हणजे एकाच साली वेगवेगळ्या वयाच्या लोकांना एकदा मोजलंय, आणि दुसरा लाँगिट्युडिनल, म्हणजे तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजलीत. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं थेट उत्तर: नाही, "कमी होतं" असं नाही लिहिता येणार, "या सॅम्पलमध्ये जास्त वयाच्या लोकांचा स्कोअर कमी आढळला" इतकंच लिहिता येईल. हा नुसता शब्दांचा काटेकोरपणा नाहीये, का ते सांगतो.

या वादातला सगळ्यात कामाचा अभ्यास म्हणजे सिएटल लाँगिट्युडिनल स्टडी. वॉर्नर शाय यांनी 1956 साली, स्वतः पीएचडी करत असताना, सिएटलमधल्या आरोग्यसेवा देणाऱ्या एका सहकारी संस्थेच्या सभासदांमधून 500 जण निवडले, विशीतल्यांपासून सत्तरीपर्यंतचे, आणि त्यांना शब्दार्थ, रिझनिंग, आकृती मनात फिरवून बघणं, आकडेमोड, शब्द पटापट आठवणं अशा टेस्ट दिल्या. तेव्हा तो निव्वळ क्रॉस-सेक्शनल अभ्यास होता आणि चित्रही ओळखीचंच निघालं, म्हणजे बहुतेक क्षमता मोठ्या वयाकडे खाली. मग 1963 ला त्यांनी त्याच लोकांना परत बोलावलं, 303 जण आले, आणि या लोकांचे स्वतःचे सात वर्षांतले बदल पाहिले तर उतार त्या पहिल्या ग्राफवरून वाटला होता त्यापेक्षा खूपच कमी आणि खूप उशिरा सुरू होणारा. पुढे दर सात वर्षांनी हे चालू राहिलं आणि बहुतेक क्षमतांमध्ये ठळक घट साठीच्या आसपास किंवा नंतर दिसली. तुमची सपाट रेघ असल्याच डेटातून आलेली असणार.

आता हे कसं होतं ते एका बनवलेल्या उदाहरणावर बघू, आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा खरी गोष्ट अशी आहे की कोणाचाही स्कोअर 40 ते 60 मध्ये बदलत नाही, आणि 60 ते 80 मध्ये 4 गुणांनी उतरतो. शिवाय नंतरच्या पिढ्यांना शाळा जास्त मिळाली, आरोग्य बरं होतं, अशा प्रकारचे कोडे सोडवायची सवय जास्त, त्यामुळे 1930 ला जन्मलेल्यांचा चाळिशीतला स्कोअर 50, 1950 वाल्यांचा 54, 1970 वाल्यांचा 58. (पिढ्यांमधली अशी वाढ प्रत्यक्षात खूप देशांत नोंदली गेलीय, फ्लिन इफेक्ट म्हणतात, अमेरिकेत विसाव्या शतकात दर दशकाला साधारण 3 आयक्यू गुण.)

आता तुम्ही 2010 साली एकदाच मोजलं. चाळिशीचे म्हणजे 1970 वाले, स्कोअर 58. साठीचे 1950 वाले, 54. ऐंशीचे 1930 वाले, त्यांचा 50 मधून 4 गेले, 46. ग्राफ काढा, 58, 54, 46, चाळिशीपासून सरळ उतार. पण 40 ते 60 मध्ये एकाही माणसाचा एकही गुण गेलेला नाही! तो उतार दोन पिढ्यांमधला फरक आहे, तुमच्या ग्राफने तो वयाच्या नावावर लिहिला. आणि 60 ते 80 मध्ये खरी घट 4 ची असताना 8 दिसतेय. सगळ्यात त्रासदायक भाग हा की सॅम्पल 150 ऐवजी 15,000 चं घेतलं तरी हेच उत्तर येणार, फक्त जास्त आत्मविश्वासाने. सॅम्पल वाढवून ही चूक जात नाही कारण एकाच साली मोजलं की वय आणि जन्मसाल एकमेकांना चिकटलेले असतात, एक सांगितलं की दुसरं आपोआप ठरतं.

आणि पिढीचा फरक नेहमी एकाच बाजूला ढकलतो असंही समजू नका, पाठ्यपुस्तकात बरेचदा तसंच वाटेल असं लिहिलेलं असतं. सिएटलच्या डेटात रिझनिंग नंतरच्या पिढ्यांमध्ये वाढत गेलं, पण आकडेमोड साधारण 1920 च्या दशकात जन्मलेल्यांमध्ये सर्वात वर होती आणि त्यानंतरच्या पिढ्यांमध्ये उलट कमी. अशा क्षमतेत एकदाच मोजलं तर म्हातारी माणसं तरुणांच्या बरोबरीने दिसतात आणि वयाने झालेली खरी घट झाकली जाते. म्हणजे एकाच अभ्यासात एका टेस्टवर घट फुगलेली आणि दुसऱ्या टेस्टवर लपलेली असू शकते.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग लाँगिट्युडिनलच खरं, विषय संपला. नाही हो. तिथे दोन गोष्टी नेमक्या उलट्या दिशेने खेचतात, आणि त्या कमी सांगितल्या जातात म्हणून त्यावर जरा थांबतो. एक, माणसं गळतात, आणि कशीही गळत नाहीत: आजारी, कमी शिकलेले, पहिल्याच फेरीत कमी स्कोअर असलेले जास्त गळतात. दोन, तीच टेस्ट किंवा तशीच टेस्ट पुन्हा दिली की सरावानेच स्कोअर वाढतो, आणि हा फायदा काही आठवड्यांचा नसतो, कित्येक वर्षं टिकू शकतो.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. 1930 वाले 100 जण 1970 साली मोजले, सरासरी 50. 2010 ला त्यातले 60 आले. जुन्या फाइली उघडून पाहिलं तर या 60 जणांची 1970 ची सरासरी होती 53, आणि न आलेल्या 40 जणांची 45.5. आलेल्यांचे खरे 4 गुण गेले, म्हणजे 49 यायला हवेत, पण सरावाचे समजा 2 वाढले, म्हणून कागदावर 51. आता कोणी घाईने आधीची सरासरी 50 आणि आताची 51 शेजारी ठेवली तर निष्कर्ष काय, तर ऐंशीत रिझनिंग सुधारतं! फक्त परत आलेल्यांचीच जुनी-नवी तुलना केली तर 53 वरून 51, घट 2, हे बरं, पण अजूनही खऱ्याच्या निम्मंच.

मग सरावाचा वाटा ओळखायचा कसा? तर 2010 साली 1930 ला जन्मलेल्या नव्या लोकांचं एक सॅम्पल घ्यायचं, ज्यांनी ही टेस्ट कधीच दिलेली नाही. त्यांचा स्कोअर समजा 46 आला. जुन्या लोकांचा 51, फरक 5. यातले 3 गुण तर आपल्याला माहितीयत, आलेले लोक मुळातच वरचे होते (53 वजा 50). उरले 2, तो सराव. अगदी स्वच्छ गणित नाही हे, कारण नव्या सॅम्पलमध्ये पण 80 पर्यंत जगलेली आणि यायला तयार असलेलीच माणसं येतात, पण अंदाज येतो. शाय यांनी नेमकं हेच केलं, प्रत्येक फेरीला जुन्यांना परत बोलवायचं आणि त्याच वेळी नवीन सॅम्पल पण घ्यायचं, याला सिक्वेन्शियल डिझाइन म्हणतात, त्याची मांडणी त्यांनी 1965 साली छापली. म्हणून त्यांच्या डेटात पिढी, गळती आणि सराव तिन्हींना हात घालता येतो, जे फक्त एकदा मोजून किंवा फक्त एकाच गटाच्या मागे लागून होत नाही.

तरीही वाद मिटलेला नाही हं. मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनी 2009 मध्ये मांडलं की काही क्षमतांची घट खरोखरच विशी-तिशीत सुरू होते आणि लाँगिट्युडिनल ग्राफ सपाट दिसतो तो मुख्यतः सरावामुळे. शाय यांचा भर पिढ्यांच्या फरकावर. माझं मत विचाराल तर सत्य दोन रेघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि क्षमतेनुसार जागा बदलते: वेगाच्या टेस्टमध्ये लवकरचा उतार मला पटतो, शब्दसंग्रहात अजिबात नाही. पूर्ण उकल गणितानेच अडते, कारण वय = मोजणीचं साल − जन्मसाल, तिघांपैकी दोन ठरले की तिसरं मोकळं राहतच नाही, त्यामुळे कुठलंही डिझाइन घ्या, बाहेरून काहीतरी गृहीत धरावंच लागतं. ते काय धरलंय हे पेपरमध्ये शोधायची सवय लावा.

एका बाबतीत मात्र लाँगिट्युडिनलला पर्याय नाही, ती म्हणजे कोण बदललं हे कळणं. सरासरी हळूहळू उतरतेय म्हणजे सगळेच हळूहळू उतरतायत की थोडेच जण वेगाने कोसळतायत, एकदा मोजून हे कधीच कळणार नाही. सिएटलमध्ये 81 व्या वर्षी सुद्धा कुठलीही एक क्षमता घेतली तर मागच्या सात वर्षांत खात्रीलायक घट झालेले लोक निम्म्याहून कमी होते. सरासरीच्या ग्राफमध्ये हे दिसत नाही.

आता तुमचं प्रोजेक्ट. एमएच्या वेळात दुसरी फेरी शक्य नाही, तर क्रॉस-सेक्शनलच करा, त्यात काही कमीपणा नाही. 2025 सारख्या एका सालात वेगवेगळ्या वयाचे लोक कसे आहेत हे ते नीट सांगतं, आणि टेस्टचे नॉर्म्स, म्हणजे कुठल्या वयाला किती स्कोअर सर्वसाधारण धरायचा ते, बनवायला तेच लागतं. फक्त प्रत्येकाचं शिक्षण किती वर्षं झालंय, तब्येत कशी आहे, अशा टेस्टची आधी सवय आहे का हे विचारून ठेवा. मग शिक्षण धरून आणि न धरून असं दोनदा विश्लेषण करा. शिक्षण धरल्यावर वयाचा फरक बराच आटला तर तो पिढीचा असल्याचा तो इशारा आहे. नाही आटला तरी "वयामुळेच" सिद्ध होत नाही, कारण पिढ्यांमध्ये शिक्षणाच्या वर्षांपलीकडे पण बरंच वेगळं असतं. शब्दार्थाची एक छोटी टेस्ट पण जोडा, रिझनिंग उतरतं आणि शब्दार्थ टिकतो असं दिसलं तर "मोठी माणसं दमली होती किंवा त्यांना टेस्टच कळली नाही" ही शंका निदान कमी होते. आणि निष्कर्षात "वाढत्या वयानुसार घट", "ऱ्हास", "टिकून राहते" असे बदल सुचवणारे शब्द आले की तिथे "वयोगटांमधील फरक" टाका, व्हायव्हामध्ये पहिला प्रश्न बहुतेक त्याच ओळीवर येईल.