ताळेबंदाच्या टिपा आणि ऑडिटरचे शेरे साहेबांना सोप्या भाषेत कसे सांगावेत?

प्रश्न: बुटीबोरीच्या कारखान्यात काम करतो. आमचे मॅनेजर इंजिनिअर आहेत, हिशेबातले नाहीत. एका पानात काय लिहून देऊ?

उत्तर: टिपा क्रमाने वाचत बसू नका, आधी लेखापरीक्षकाचा अहवाल उघडून अभिप्राय स्वच्छ आहे की ‘क्वालिफाइड’, म्हणजे एखाद्या बाबीवर आक्षेप नोंदवून दिलेला, एवढे पाहा. क्वालिफाइड असल्यास त्याचा आधार सांगणारा परिच्छेद तिथेच असतो आणि शक्य असेल तिथे रकमेचा परिणामही दिलेला असतो. तुमच्या पानाची सुरुवात त्यानेच व्हावी.

समजा, करपूर्व नफा 90 लाख दाखवला आहे, पण एका ग्राहकाकडे तीन वर्षे अडकलेल्या 60 लाखांसाठी तरतूद केलेली नाही, असा शेरा आहे. साहेबांना असे लिहा: “हे पैसे बुडीत धरले, तर नफा 30 लाखच उरतो; ऑडिटरच्या मते ते धरायला हवे होते.” मग येण्यांची टीप काढून थकबाकीच्या कालावधीचा तक्ता ताडून पाहा.

‘एम्फॅसिस ऑफ मॅटर’ हा परिच्छेद मात्र आक्षेप नव्हे. आकडे मान्य करून टिपेतल्या एखाद्या महत्त्वाच्या बाबीकडे त्यात लक्ष वेधलेले असते. दोन्ही एकाच यादीत घातले, की साहेब विनाकारण धास्तावतात.

संभाव्य देण्यांची टीप वगळू नका. अपिलात असलेली जीएसटीची 40 लाखांची मागणी नफ्यातून वजा झालेली नसते, पण निकाल विरुद्ध गेल्यास ती भरावीच लागेल. त्यापुढे प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, हे अकाउंट्सकडून विचारून लिहा.