कोरलमधले शॉर्टकट मापासाठी शिका, वेग आपोआप येतो

प्रश्न: कोरलड्रॉमध्ये ग्रुप, अलाइन, नज आणि डुप्लिकेट यांचे शॉर्टकट कोणते? आमच्या प्रेसमधले सीनियर म्हणतात, माउस चांगला चालत असेल तर त्यांची गरज नाही. खरं आहे का?

खरं नाही. मीही एका छोट्या प्रेसमध्ये अशाच सीनियरच्या शेजारच्या खुर्चीवर बसून काम शिकलो. "डिझायनरला नजर लागते, बटणं काय कुणीही दाबतो," हे वाक्य मी तिथे रोज ऐकलं. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे.

सेव्ह, कॉपी, अनडू तुम्हाला येत असणारच. `Ctrl+G` ने ग्रुप होतो आणि `Ctrl+U` ने सुटतो, हेही माहीत असेल. मी सुरुवात व्हिजिटिंग कार्डाच्या शीटपासून करतो, कारण आमचा वाद पेटला तो तिथेच.

कार्ड ९० बाय ५० मिलिमीटरचं होतं आणि चारही बाजूंनी २ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड, त्यामुळे बाहेरचं माप ९४ बाय ५४. छपाई १२ बाय १८ इंची शीटवर. मिलिमीटरमध्ये ही शीट ३०४.८ बाय ४५७.२ भरते. आडवी तीन कार्डं लावली की २८२ मिलिमीटर आणि उभी आठ लावली की ४३२ मिलिमीटर होतात. एका शीटवर चोवीस कार्डं बसतात, डावी-उजवीकडे ११.४ आणि वर-खाली १२.६ मिलिमीटर कोरी जागा उरते. हिशोब एवढाच. मात्र या कार्डाला कडेपासून २ मिलिमीटर आत एक बारीक मरून बॉर्डर होती, आणि कटिंग जरा जरी हललं तरी अशी बॉर्डर लगेच चुगली करते.

सीनियरची पद्धत ठरलेली होती. कार्ड डाव्या बटणाने ओढायचं, सोडण्याआधी उजवं बटण दाबून कॉपी टाकायची, आणि मग झूम करून डोळ्यांनी कड जुळवायची. प्रत्येक कॉपी अशी लावायची. स्क्रीनवर शीट अगदी व्यवस्थित दिसत होती. पण एका कार्डामागे पाव मिलिमीटर सरकलं तरी आठव्या ओळीपर्यंत ते पावणेदोन मिलिमीटर होतं, कारण प्रत्येक कॉपी आधीच्या कॉपीला बघून लावलेली असते आणि चूक पुढे पुढे साठत जाते. कटिंग मशिनवर तर अख्खी थप्पी एकदम कापतात आणि ब्लेड समान अंतरानेच पडतं. वरच्या ओळींची कार्डं ठीक आली. खालच्या ओळींत बॉर्डर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ गायब. दोष कटिंगवाल्याच्या माथी मारला गेला. त्या माणसाचा काहीही दोष नव्हता, हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगतो.

तीच शीट मी पुन्हा लावली, ती अशी. आधी एकच कार्ड पूर्ण करून ब्लीडच्या चौकोनासकट `Ctrl+G` ने बांधलं. मग रिकाम्या जागी क्लिक केलं. काहीच सिलेक्ट नसलं की वरच्या प्रॉपर्टी बारमध्ये Nudge distance आणि Duplicate distance चे रकाने दिसतात. Duplicate distance मध्ये X ला ९४ आणि Y ला ० टाकलं, कार्ड सिलेक्ट करून दोनदा `Ctrl+D` मारलं, आणि तीन कार्डांची ओळ तयार झाली. ती ओळ `Ctrl+G` ने बांधली. पुन्हा रिकाम्या जागी क्लिक करून X ला ०, Y ला उणे ५४ टाकलं आणि ओळ सिलेक्ट करून सात वेळा `Ctrl+D`. शेवटी सगळं सिलेक्ट करून ग्रुप केलं आणि `P` दाबलं, की पूर्ण जुळणी पानाच्या मधोमध. क्रॉप मार्क त्यानंतर, ब्लीडच्या २ मिलिमीटर आत हिशोब धरून. पहिलं कार्ड आणि चोविसावं कार्ड यांतलं अंतर इथे आकड्याने ठरलेलं असतं, त्यात साठायला चूकच नसते.

`Ctrl+D` चा एक स्वभाव मात्र ओळखून असा. कॉपी पडल्यावर तुम्ही ती हाताने थोडी सरकवली, तर पुढचं `Ctrl+D` ते सरकवलेलं अंतर धरून चालतं. वेलबुट्टी किंवा किनार काढताना याचा फार उपयोग होतो. एक कॉपी मनासारखी लावा, बाकीच्या आपोआप तशाच पडतात. पण शीट लावताना मध्येच एखादं कार्ड डोळ्याला वाकडं वाटलं म्हणून बाणाने ढकललंत, तर पुढची सगळी बिघडली. ढकलायचं नाही. वाकडं वाटत असेल तर आकडा तपासा.

काही जण `Ctrl+D` ऐवजी नमपॅडवरचं `+` वापरतात. त्याने कॉपी बरोबर मूळ वस्तूवरच पडते. मग Nudge distance ला ९४ ठेवून उजवा बाण दाबला की काम झालं. पद्धत चांगली आहे, पण बाण दाबायचा राहिला तर एकावर एक दोन कार्डं राहतात आणि डोळ्यांना काहीही कळत नाही. छपाईत बहुतेक वेळा निभावतं. व्हायनल कटिंगच्या फाइलमध्ये मात्र प्लॉटर त्याच रेषेवरून दोनदा जातो आणि स्टिकरखालचा कागदही फाटतो. म्हणून ओळ बांधण्याआधी आणि शेवटचा ग्रुप करण्याआधी सगळं सिलेक्ट करून खाली स्टेटस बारमध्ये आकडा बघायचा. तीन कार्डं हवी असताना चार वस्तू दिसल्या किंवा आठ ओळी हव्या असताना नऊ दिसल्या, तर एक कुठेतरी लपलेली आहे.

आता अलाइन. `L`, `R`, `T`, `B` म्हणजे डावी, उजवी, वरची, खालची कड. `C` ने सगळ्यांचे मध्य एका उभ्या रेषेवर येतात आणि `E` ने एका आडव्या रेषेवर. कुणाला धरून जुळवायचं हे सिलेक्शनच्या क्रमावर ठरतं. `Shift` धरून एकेक क्लिक करा आणि जी वस्तू जागची हलायला नको, ती सगळ्यात शेवटी घ्या. माउसने चौकट ओढून सिलेक्ट केलंत तर शेवटची कोणती हे तुमच्या हातात राहत नाही, आणि मग कार्डाऐवजी नाव जागेवर राहतं आणि कार्डच पळतं.

ग्रुप आधी की अलाइन आधी, हा प्रश्न नवीन मुलांना नेहमी पडतो. कार्डावर नाव, हुद्दा, पत्ता, फोन अशा चार ओळी आहेत आणि त्या कार्डाच्या मधोमध हव्या आहेत. चारही ओळी आणि कार्ड घेऊन `C` आणि `E` मारलंत तर चारही ओळी एकमेकींवर चढतात, कारण `E` प्रत्येकीला वेगवेगळं मध्यावर आणतो. आधी चार ओळींमध्ये आपसात `C`, मग त्यांना `Ctrl+G`, मग `Shift` धरून कार्डावर क्लिक, मग `C` आणि `E`. नंतर फोन नंबर बदलायचा असेल तर ग्रुप सोडू नका. `Ctrl` धरून नेमक्या त्या ओळीवर क्लिक केलं की तेवढीच ओळ हातात येते. एका शीटमध्ये कार्डाचा ग्रुप, ओळीचा ग्रुप आणि पूर्ण शीटचा ग्रुप असे तीन थर असतात. `Ctrl+U` फक्त वरचा थर सोडतो. सगळे ग्रुप एकदम सोडणारा पर्यायही आहे. तो घाईत दाबलात तर चोवीस कार्डांचे शेकडो तुकडे समोर पडतात.

मराठी मजकुरासाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. 'शिंदे', 'पवार' आणि 'कुलकर्णी' ही तीन नावं एका ओळीत लावायची आहेत आणि तुम्ही ती कर्व्ह करून, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचे नुसते आकार बनवून, ठेवली आहेत. `T` दाबलंत तर 'शिंदे'मधल्या वेलांटीचा माथा आणि 'पवार'ची शिरोरेषा एका उंचीवर येतात, म्हणजे 'पवार' वर चढतो. `B` दाबलंत तर 'कु'चा उकार बाकीच्या अक्षरांच्या पायाशी जुळतो आणि 'कुलकर्णी' वर उचलला जातो. सॉफ्टवेअर चुकत नाही. ते वस्तूच्या टोकांकडे बघतं, शिरोरेषा त्याला कळत नाही. यावर उपाय म्हणजे कर्व्ह करण्याआधीच जुळवून घेणं. अलाइनच्या डॉकरमध्ये मजकूर बेसलाइनला धरून जुळवायचा पर्याय आहे, तो निवडला की एकाच फॉन्टमध्ये आणि एकाच आकारात शिरोरेषा सरळ येते. फाइल आधीच कर्व्ह होऊन आली असेल, तर शिरोरेषेवर एक आडवी गाइडलाइन ओढा, भरपूर झूम करा आणि `Ctrl` धरून वरच्या-खालच्या बाणाने एकेक नाव त्या रेषेला टेकवा. साधा बाण ठरवलेल्या अंतराने सरकवतो, `Shift` सोबत त्याच्या काही पट आणि `Ctrl` सोबत त्याच्या काही अंशाने. नजरेचं काम हे इथे आहे. सगळी नावं टेकली की लगेच ग्रुप करा, नाहीतर पुढच्या क्लिकला एखादं हलतं.

तुमच्या सीनियरना हेच सांगा. शिरोरेषा, दोन अक्षरांमधली जागा, लोगोचं वजन, हे नजरेने ठरवायचं, आणि त्यात त्यांचा हात तुमच्यापेक्षा नक्कीच चांगला असेल. पण ९४ मिलिमीटर अंतर कुणाच्याही नजरेने ठरत नाही, ते टाइप करावं लागतं. माझ्या सीनियरने हे कधी मान्य केलं नाही. पुढे बॉर्डरच्या कार्डांच्या शीट मात्र माझ्याकडे यायला लागल्या.

दोन गोष्टी राहिल्या. `L`, `C`, `E` ही साधी अक्षरं आहेत, त्यामुळे मजकुरात कर्सर लुकलुकत असेल तर ती तिथेच टाइप होतात. आधी पिक टूलवर या. आणि वरचं सगळं कोरलपुरतं आहे. इलस्ट्रेटरमध्ये `Ctrl+D` हे शेवटची हालचाल पुन्हा करतं, म्हणून तिथे आधी `Alt` धरून ओढत कॉपी करावी लागते, आणि ग्रुप `Ctrl+Shift+G` ने सुटतो. इंकस्केपमध्ये `Ctrl+D` ची कॉपी मूळ वस्तूवरच पडते, कोरलच्या नमपॅड `+` सारखी, त्यामुळे लपलेल्या कॉपीची तपासणी तिथे जास्तच लागते.