छोट्या क्लिनिकची पहिली वेबसाइट: बिल्डर, वर्डप्रेस की कोड?

प्रश्न: बायको बालरोगतज्ज्ञ आहे, साताऱ्यात स्वतःचं छोटं क्लिनिक सुरू केलंय. वेबसाइट करायची आहे. एका एजन्सीने वर्डप्रेसचे २८ हजार सांगितले, वर्षाला ८ हजार मेंटेनन्स वेगळा. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो मामा मी रिअ‍ॅक्टमध्ये फुकट बनवून देतो. आणि विक्ससारख्या, तयार साच्यात आपणच साइट बनवायच्या वेबसाइट बिल्डरवर महिना चारशेच्या आसपास पडेल असं दिसतंय. टेक्निकल माहिती मला बेताचीच. काय करावं?

उत्तर:

मी बरीच वर्षं छोट्या दवाखान्यांच्या आणि दुकानांच्या साइट्स करतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

तिन्हींतलं चांगलं कुठलं हे नंतर बघू. आधी हे ठरवा की त्या साइटवर बदलणार काय आहे आणि ते बदलणार कोण. बालरोग क्लिनिकच्या साइटवर काय असतं? वहिनींचं नाव, डिग्री, रजिस्ट्रेशन नंबर, पत्ता आणि खूण, वेळा, लसीकरण कुठल्या दिवशी, नंबर लावायला फोन किती वाजल्यापासून करायचा, आणि रात्री-अपरात्री इमर्जन्सी आली तर कुठे जायचं. चार पानांत संपलं. यातलं वर्षभरात बदलतं ते फक्त वेळा आणि सुट्ट्या. म्हणजे गणपतीच्या आदल्या संध्याकाळी ‘उद्या क्लिनिक बंद’ ही एक ओळ कोण टाकणार, यावर सगळा निर्णय आहे. एजन्सीला फोन करून ते ‘उद्या करतो सर’ म्हणणार असतील तर ती साइट २८ हजारांची असो नाहीतर फुकट, तुमच्या कामाची नाही.

आता पहिलं काम, जे यातल्या कशातच येत नाही आणि ज्याला पैसे पडत नाहीत, ते म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल. बाळाला ताप आलेली आई तुमचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, टाइप करत नाही, ती मॅप्सवर ‘चिल्ड्रन डॉक्टर’ शोधते आणि तिथूनच फोन लावते. तिथे वेळा टाकताना सकाळ-संध्याकाळ असे दोन तुकडे टाका. बरेच जण १० ते ९ असं सलग टाकून मोकळे होतात आणि मग लोक भर दुपारी तीनला तान्हं बाळ घेऊन कुलूप बघून परत जातात. सणाच्या सुट्टीसाठी तिथे Special hours म्हणून वेगळी जागा आहे, ती वापरा. साइट हे त्याच्या मागचं घर, जिथे जास्तीची माहिती नीट वाचता येते, एवढंच.

वर्डप्रेसबद्दल. वर्डप्रेस वाईट अजिबात नाही, २००३ पासून चालू आहे, मी स्वतः त्यावरच पोट भरतो. पण त्याला पाळावं लागतं. मूळ वर्डप्रेस, थीम म्हणजे साइटचं रूप, आणि दहा-बारा प्लगइन्स म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, सगळ्यांचे अपडेट येत राहतात, आणि हॅकर घुसतील अशी भोकं पडतात ती जास्त करून प्लगइन्समध्ये. त्यामुळे तो ८ हजारांचा मेंटेनन्स ऑप्शनल समजू नका, तीन वर्षांचा हिशोब धरा, पहिल्या वर्षाचा मेंटेनन्स २८ मध्येच धरला तरी २८ अधिक पुढच्या दोन वर्षांचे १६, म्हणजे ४४ हजार. आणि होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेचं, विचारा, कारण पहिल्या वर्षाचा भाव ऑफरचा असतो, रिन्यू करताना तो दुप्पट-तिप्पट होणं नेहमीचंच. एजन्सीला हे पण विचारा की थीम विकत घेतलेली आहे की ‘नल्ड’, म्हणजे पायरेटेड. नल्ड थीममधून घाण आत येते आणि मग जे होतं ते मालकाला दिसतच नाही. तुम्ही साइट उघडली की ती ठणठणीत, पण गूगलला मात्र तुमच्याच डोमेनवर शेकडो जपानी पानं नाहीतर कसल्याकसल्या गोळ्यांच्या जाहिराती दाखवल्या जातात. ओळखायचं असं, गूगलमध्ये हे टाकून बघायचं:

```
site:tumchedomain.in
```

तुमची चार पानं आली तर ठीक, ओळखीचं नसलेलं काही आलं तर साइट हॅक झालेली असू शकते. लहान मुलांच्या डॉक्टरच्या नावाखाली तसल्या गोळ्या दिसल्या तर काय होईल ते सांगायला नको.

आणि वर्डप्रेस घ्यायला लावणारी गोष्ट बहुतेक वेळा असते अपॉइंटमेंट फॉर्म. तो टाकूच नका असं माझं मत. एकतर फॉर्मचे मेल साध्या होस्टिंगवरून निघाले की बऱ्याचदा स्पॅममध्ये जातात किंवा पोचतच नाहीत, आणि पेशंटला वाटतं नंबर लागला. दुसरं म्हणजे फॉर्ममध्ये लोक मुलाचं नाव, वय, काय त्रास होतोय सगळं लिहितात, आणि अनेक फॉर्म प्लगइन्स ते डेटाबेसमध्ये साठवत राहतात. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, लहान मुलांच्या माहितीबद्दल त्यात जास्त कडक तरतुदी आहेत, ती जोखीम एका फॉर्मसाठी कशाला अंगावर घ्यायची? नंबर फोनवरच लागतात ना आपल्याकडे, मग फोनचंच बटण मोठं द्या. हे तुम्ही काहीही निवडलं तरी चालतं:

```html
<a href="tel:+91XXXXXXXXXX">नंबर लावण्यासाठी फोन करा</a>
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX">व्हॉट्सअ‍ॅप</a>
```

wa.me च्या लिंकमध्ये अधिकचं चिन्ह किंवा नंबराआधीचा शून्य टाकायचा नाही, नाहीतर लिंक चालेलच असं नाही. फॉर्म गेला की चार पानांना वर्डप्रेसची गरजही जवळपास गेली.

भाच्याचं. उत्साह मोडू नका त्याचा, पण रिअ‍ॅक्ट नको. ते मोठ्या वेब अ‍ॅप्ससाठीचं कोडिंगचं साधन आहे, चार पानांच्या माहितीला त्याची गरज नाही आणि तो उद्या नोकरीला पुण्या-बंगळुरूला गेला की ती साइट उघडून बघायचीही कोणाची हिंमत होणार नाही. त्याने साध्या एचटीएमएलमध्ये केली तर ती क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या ठिकाणी फुकट राहते, पटकन उघडते, डेटाबेस आणि प्लगइन नसल्यामुळे हॅक व्हायला फारसं काही उरत नाही, आणि तीन वर्षांचा खर्च फक्त डोमेनचा. खरं तर तांत्रिकदृष्ट्या मला हाच पर्याय सगळ्यात आवडतो. अडतं कुठे, तर त्या गणपतीच्या ओळीवर. वेळ बदलायला फाइल उघडून पुन्हा चढवावी लागते आणि ते रिसेप्शनवरच्या ताईंना जमणार नाही, तुम्हालाही कंटाळा येईल, मग भाच्याची परीक्षा चालू असताना साइटवर दिवाळीची सुट्टी होळीपर्यंत राहणार.

म्हणून तुमच्यासाठी बिल्डर. महिना ४०० धरले तर तीन वर्षांचे १४,४००, डोमेन वेगळं. लॉगिन, अपडेट, सुरक्षा सगळं त्यांच्याकडे. याचं दुखणं एकच पण मोठं, तिथून उठून दुसरीकडे जाता येत नाही. विक्सवर बनवलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, नव्याने बांधावी लागते. चार पानांसाठी मला हे चालतं, कारण मजकूर कॉपी करून नवीन ठिकाणी टाकणं दोन संध्याकाळचं काम आहे. शंभर लेख असते तर मी कधीच सांगितलं नसतं. मजकूर आणि फोटो मात्र आत्तापासून स्वतःच्या ड्राइव्हमध्ये ठेवा.

पण वर्षाचे पैसे भरायच्या आधी एक करा. फुकटच्या प्लॅनवर एक पान बनवा, रिसेप्शनवरच्या ताईंच्या हातात त्यांचाच मोबाइल द्या आणि म्हणा ‘उद्या संध्याकाळी बंद’ असं टाकून दाखवा. पाच-दहा मिनिटांत जमलं तर घ्या. नाही जमलं तर दुसरा बिल्डर बघा, किंवा ताई कंप्युटरवरून बदल करणार असतील तर अगदी गूगल साइट्स पण चालेल, दिसायला साधं असतं पण फुकट आहे आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं.

त्याच पानावर मराठी पण तपासा, कारण हे कोणी सांगत नाही. साइट मराठीत असलीच पाहिजे, आजी-आजोबा वाचणार आहेत. बिल्डर असो की वर्डप्रेस, परदेशी टेम्पलेटमध्ये हेडिंगच्या अक्षरांमध्ये स्टाइल म्हणून अंतर सोडलेलं असतं, इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेघ तुटून प्रत्येक अक्षर वेगळं लटकतं. सेटिंगमध्ये letter spacing शून्य करा. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या वेलांट्या कापल्या जातात. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी निवडा. आणि पत्रकं छापणाऱ्याकडून मजकूर घेणार असाल तर तो युनिकोडमध्येच मागा, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधलं पेस्ट केलं की साइटवर नुसता चिन्हांचा कचरा दिसतो.

टेम्पलेटमध्ये अजून एक भानगड असते. क्लिनिकच्या सगळ्या टेम्पलेटमध्ये ‘हॅपी पेशंट्स’चे वाढत जाणारे आकडे आणि पेशंटच्या कौतुकाचे स्लाइडर आधीपासून लावलेले असतात. ते पहिले उडवा. २००२ च्या डॉक्टरांच्या आचारसंहितेत स्वतःच्या कौशल्याची जाहिरात करणं आणि बऱ्या केलेल्या केसेसची फुशारकी मारणं यावर बंदी आहे. एजन्सीवाले हे हौसेने भरतात, त्यांचं काही जात नाही, नोटीस आली तर ती वहिनींना येणार.

आणि डोमेन. हे कुठलाही पर्याय घेतला तरी तुम्ही स्वतः घ्या, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डने. एजन्सीलाही घेऊ देऊ नका आणि बिल्डरसोबत ‘फ्री’ मिळतं म्हणून तिथेही नको, वेगळ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, घ्या. .in वर्षाला हजाराच्या आसपास पडतं. एकदम पाच वर्षांचं भरता येतं, ते भरून टाका, ऑटो-रिन्यूवर विसंबू नका, कार्ड बदलतं आणि आलेले मेल कोणी वाचत नाही. मी अशी केस जवळून बघितलीय, एका डॉक्टरांचं डोमेन साइट बनवणाऱ्याच्या नावावर होतं, त्याचा नंबर बंद, आणि डॉक्टरांच्या बोर्डवर, प्रिस्क्रिप्शनवर, सगळीकडे तोच पत्ता छापलेला. साइट परत बांधता येते, पण डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर तुम्ही फक्त विनंती करू शकता.

पुढे वहिनींना आईबापांसाठी नियमित लेख लिहायचे असतील, लसीकरण, ताप, खाणंपिणं वगैरे, आणि वीस-पंचवीस लेख होतील असं दिसत असेल तर तेव्हा वर्डप्रेसवर या. डोमेन तुमच्याकडे असल्यामुळे पेशंटला काही कळणारही नाही, पत्ता तोच राहतो. तेव्हा मेंटेनन्सचे ८ हजार आनंदाने द्या, फक्त बॅकअप कुठे ठेवतात आणि तो परत लावून दाखवला आहे का, हे विचारूनच. आणि भाच्याला सध्या गूगल प्रोफाइल आणि फोटोंचं काम द्या, बोर्डचा, दाराचा आणि पार्किंगचा दिवसाउजेडी काढलेला फोटो, पहिल्यांदा येणाऱ्याला तोच लागतो.